टायची जीभ

आमच्या बीबीच्या शिवारात मोटर वर काढायची म्हटलं की पाच माणसं लागतात. दोघं चेन पुलीवर, एक क्लॅम्प बदलायला, एक पाइप पान्याने सोडवायला आणि एक बोअरच्या तोंडाशी उकिडवा बसून केबल मोकळी करायला. या पाचव्याचं काम सगळ्यात हलकं समजतात, म्हणून तिथे नवीन पोऱ्याला बसवतात. मी या धंद्यात आलो तेव्हा मलाही तिथेच बसवलं होतं. हातात हॅक्सॉ ब्लेडचा तुटका तुकडा दिला होता, एका टोकाला चिंधी गुंडाळलेला. पाइप वर आला की केबलला धरून ठेवणारा टाय दिसतो, तो कापायचा. पुढचा आला की तो कापायचा. बास.

पूर्वी टायऐवजी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या असायच्या. जुनी ट्यूब आडवी कापायची, तिची पट्टी पाइपाला आणि केबलला तीन-चार वेढे देऊन गाठ मारायची. ती सोडवायला नखं लागत, वेळ लागे; पण सोडवता येई. मग नायलॉनचे टाय आले. एका हाताने ओवला, दुसऱ्या हाताने ओढला, टरटर आवाज झाला की काम झालं. बांधण्याचा वेळ एकदम कमी झाला, आणि सोडवणं नावाची गोष्टच उरली नाही. टाय आला तो कापण्यासाठीच, असं आम्ही सगळे धरून चाललो.

टाचणीने टायची जीभ उचलून तो सोडवायला मी शिकलो त्याला कारण झाला एक बोअर. २०१९ च्या रब्बीतली गोष्ट. बोअर २८० फुटांचा, पाच एचपीची थ्री फेज मोटर, लोखंडी पाइप, वीस-वीस फुटांचे चौदा. दर दहा फुटांवर एक टाय, म्हणजे अठ्ठावीस टाय. पंपाचा पंखा झिजला होता म्हणून मोटर वर काढली, दुरुस्त केली, परत सोडली. केबल तीच. ती चार स्क्वेअरची चपटी तीन-कोअर केबल चांगली होती, बदलायचं कारण नव्हतं. वर काढताना टाय मीच कापले होते. तेव्हा मी काही शिकाऊ नव्हतो, पण त्या दिवशी माणूस कमी होता म्हणून तोंडाशी बसलो, आणि हात जुन्या सवयीने ब्लेडकडेच गेला.

आठ-दहा दिवसांनी शेतकरी काकांचा फोन आला. “पाइपाले हात लावला की मुंग्या येतात. सकाळी सकाळीच येतात. मोटर तासभर चालली की मंग काईच नाई.”

मी म्हटलं, काका, पाइपाला हात लावू नका, मेन बंद करा, मी येतो.

सकाळी झिणझिण्या येतात आणि तासाभराने जातात, हे ऐकूनच मला मोटरपेक्षा केबलचा संशय जास्त आला. का, ते सांगतो. बोअरमधलं पाणी एका जागी राहत नाही. रात्रभर मोटर बंद असली की पाणी वर चढून स्थिर होतं. या बोअरमध्ये ते एकशे दहा फुटांवर येत असे. मोटर चालू झाली की उपशामुळे पातळी खाली जाते आणि साधारण एकशे साठ फुटांवर टिकते. म्हणजे एकशे दहा ते एकशे साठ या पन्नास फुटांतली केबल सकाळी पाण्यात असते आणि दुपारी कोरडी होत जाते. दोष मोटरमध्ये असता तर मोटर चोवीस तास पाण्यातच आहे, झिणझिण्याही दिवसभर आल्या असत्या.

मेगर लावून बघितलं. मेन बंद, फ्यूज काढलेले, केबलची तिन्ही टोकं स्टार्टरमधून सुटी केली आणि पाइपाशी इन्सुलेशन मोजलं. काटा जवळजवळ शून्यावर. तिन्ही वायरी सारखंच दाखवत होत्या. ते तसंच दाखवणार, कारण मोटरचं वाइंडिंग आतून एकमेकाला जोडलेलं असतं. कोणत्या वायरीत खोट आहे ते मेगर वरून सांगत नाही. मग मी टोकं परत जोडली, सगळ्यांना पाइपापासून लांब उभं केलं आणि मोटर तासभर चालवली. बंद केली, मेन तोडला, लगेच टोकं सोडवून पुन्हा मेगर. या वेळी काटा चार-पाच मेगओहमवर गेला. तिथेच बसून राहिलो. काकांनी चहा आणला. अर्ध्या-पाऊण तासात पाणी जसं वर चढत गेलं तसा काटा पुन्हा खाली आला, एक मेगओहमच्याही खाली. दोष या पन्नास फुटांतच होता.

मोटर पुन्हा वर काढली. पाइप येत होते तशी केबल मी ओल्या फडक्यातून बोटांनी चाचपत होतो. सातवा पाइप वर आला, एकशे चाळीस फुटांच्या आसपास, आणि बोट अडकलं. केबलच्या काठावर तीन मिलिमीटरची सरळ रेघ. काळं आवरण चिरलेलं, त्याच्या खाली लाल वायरीचं इन्सुलेशन चिरलेलं, आणि फटीतून तांब्यावरचा हिरवट गंज दिसत होता. ती रेघ टायच्या जागेवर होती. मग मी वरच्या टायच्या जागा परत तपासल्या. जवळजवळ प्रत्येक जागी ब्लेडची खूण होती. बाकीच्या उथळ होत्या, आवरणातच थांबलेल्या. एक खोल गेली होती, आणि ती नेमकी पाण्याच्या चढउताराच्या टापूत होती.

हे माझ्या हातचं काम होतं. काकांच्या हरभऱ्याचं घाटे भरायच्या वेळचं पाणी चार दिवस लांबलं, मोटर काढायची मजुरी दुसऱ्यांदा झाली आणि कुणाचा हात एखाद्या सकाळी ओल्या पाइपावर जास्त वेळ राहिला असता तर काय झालं असतं, हा विचार मला अजूनही करवत नाही. मजुरी मी घेतली नाही. खराब जागा कापून जोड दिला, वरून रबर टेप, त्याच्यावर दुसरी टेप, आणि बादलीत बुडवून मेगर घेतल्याशिवाय पाइप खाली सोडला नाही.

पण केबलला टायच्या जागी ब्लेड लावायचंच नसेल तर टाय काढायचा कसा? त्या रात्री घरी हाच प्रश्न घेऊन बसलो होतो. पुढ्यात टायचं पाकीट, टॉर्च आणि बायकोची शिवणाची सुई. एका टायचं डोकं मी ब्लेडने उभं चिरून बघितलं. बारा वर्षं तो वापरत होतो, पण त्याच्या आत काय आहे ते त्या रात्री पहिल्यांदा पाहिलं.

टायचं डोकं म्हणजे एक छोटा चौकोनी बोगदा. बोगद्याच्या एका भिंतीला आतून एक जीभ असते. पट्टी ज्या तोंडाने आत शिरते त्या बाजूला ही जीभ बिजागरीसारखी चिकटलेली असते, आणि पट्टी ज्या तोंडाने बाहेर पडते त्या बाजूला तिचं टोक मोकळं असतं. जिभेवर दोन-तीन दाते, पट्टीवर त्यांच्या जोडीचे बारीक दाते. पट्टी पुढे ओढली की तिचे दाते जिभेला भिंतीकडे सारत सरकतात. तोच तो टरटर आवाज. मागे ओढली की जीभ उलट पट्टीत रुतते. जितक्या जोराने मागे ओढाल तितकी ती जास्त घट्ट रुतते. म्हणून टाय ताकदीने सुटत नाही. कुलपासारखी त्याची गोष्ट आहे, दार ढकलून उपयोग नाही. जीभ उचलायला पाहिजे.

हा टाय मुळात विमानाच्या वायरींसाठी जन्माला आला. अमेरिकेतल्या थॉमस अँड बेट्स कंपनीच्या मॉरस लोगनने बोइंगच्या कारखान्यात कामगारांना मेणाच्या दोऱ्याने वायरींचे जुडगे बांधताना पाहिलं. दोऱ्याने त्यांच्या हातांना घट्टे पडायचे. त्यावर उपाय म्हणून त्याने १९५८ साली हा टाय काढला. सुरुवातीच्या टायमध्ये जिभेच्या जागी धातूचा दात होता. सगळा नायलॉनचा टाय नंतर आला. विमानात एकदा बांधलं की सुटता कामा नये, तीच त्याची लायकी. आमच्या बोअरमध्ये मात्र दर दोन-तीन वर्षांनी मोटर वर येतेच. आम्ही वस्तू घेतली, पण आमची गरज विमानापेक्षा वेगळी होती हे लक्षात घेतलं नाही.

सुईने पहिला टाय सुटायला मला दहा मिनिटं लागली. सुई गोल आणि टोकदार. ती दात्यांच्या खाचेत घसरायची, नाही तर जिभेत घुसायची. दोन सुया वाकल्या. बायको शेजारी बसून बघत होती. ती तेव्हा शेडनेटमध्ये क्रॉसिंगला जायची. आमच्या घाटावर, विशेषतः देऊळगावराजा-सिंदखेडराजाकडे, शेडनेटमध्ये भाजीपाल्याचं संकरित बियाणं तयार होतं. मिरचीच्या, टोमॅटोच्या कळीतले पुंकेसर चिमट्याने काढून टाकायचे आणि दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा, हे काम बायाच करतात. तिने पिशवीतून आपला जुना चिमटा काढला. त्याचं एक पातं वाकून निकामी झालं होतं.

“हे घ्या. सुईनं कळी फुटते, चिमट्यानं नाई फुटत.”

चिमट्याचं पातं टोकाला चपटं आणि पातळ असतं, पण लवचीक स्टीलचं. मी एक पातं तोडून दगडावर घासलं. टोक दीड मिलिमीटर रुंद ठेवलं, जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, कोपरे गोल, धार अजिबात नाही. पेचकसाच्या जुन्या मुठीत बसवलं. टोकापासून चार मिलिमीटरवर तांब्याची तार गुंडाळून सोल्डर केली, म्हणजे पातं त्याच्यापुढे आत जाऊच नये. हीच माझी टाचणी. माझी माणसं तिला चिमटाच म्हणतात.

ती तांब्याची तार का लागते ते सांगायलाच हवं. टाचणी डोक्यात बाहेरच्या तोंडाने, शेपटीच्या बाजूने शिरते. तिचं टोक सरळ पाइपाच्या दिशेने, म्हणजे केबलच्याच दिशेने जातं. डोकं केबलवर बसलेलं असेल आणि टाचणी जास्त गेली तर ब्लेडने चिरण्याऐवजी आपण केबल भोसकू. भोसकलेलं छिद्र चिरेपेक्षा वाईट, कारण ते डोळ्यांना दिसत नाही.

आता सोडवायचं कसं. आधी टाय आहे तसाच थोडा आणखी आवळायचा. उलटं वाटतं, पण युक्ती सगळी यातच आहे. टायवर ताण असतो तोवर जीभ पट्टीत रुतून बसलेली असते आणि तिच्या-पट्टीच्या मधे टाचणी शिरत नाही. शेपूट धरून अर्धा दाता पुढे ओढलं, किंवा केबल आणि पाइप अंगठ्याने जवळ दाबले, की ताण जातो आणि जीभ सैल पडते. तेवढ्यात शेपटीच्या दात्यांच्या बाजूने टाचणी आत सरकवायची. बरोबर जागी गेली तर ती काहीही न कुरकुरता तीन मिलिमीटर जाते. कुरकुरली तर ती दात्यांवरून चालली आहे. काढायची, पुन्हा घालायची. मग मूठ शेपटीकडे हलकीच झुकवायची, म्हणजे टोक जिभेला भिंतीकडे रेटतं. टाचणी तशीच धरून पट्टी कड्याच्या बाजूने मागे ओढायची. शेपूट आत ढकलायचा प्रयत्न करू नका, ती घडी पडून बसते. जीभ नीट उचललेली असेल तर पट्टी आवाज न करता घसरते. टरटर ऐकू आली तर दाते अजून घासत आहेत, थांबा. आवाज न होणं हीच खूण.

सवय झाल्यावर एका टायला अर्धं मिनिट लागतं. अठ्ठावीस टायला पंधरा मिनिटं. ही पंधरा मिनिटं वेगळी काढावी लागत नाहीत. एक पाइप पान्याने सुटून बाजूला होईपर्यंत तोंडाशी बसलेला माणूस रिकामाच असतो. त्या वेळात दोन टाय निघतात.

पुढच्या काही कामांत मला कळलं की टाय सुटेल की नाही हे सोडवताना नाही, बांधताना ठरतं. पहिली गोष्ट शेपूट. आम्ही टाय आवळला की शेपूट कटरने डोक्याला लागून कापून टाकायचो, दिसायला नीट म्हणून. अशी शेपूट कापली की एक तर ताण सोडवायला धरायला काही राहत नाही, आणि दुसरं म्हणजे सुटला तरी तो टाय त्याच पाइपाला पुन्हा लागत नाही. ओवायला लांबी पुरत नाही. वर त्या कापलेल्या टोकाने हात रक्तबंबाळ होतो तो वेगळाच. आता मी पाच सेंटिमीटर शेपूट ठेवतो, वरच्या दिशेला वळवून, म्हणजे पाइप खाली सोडताना ती केसिंगला उलटी घासत नाही.

दुसरी गोष्ट डोक्याची जागा. गोल पाइपाशेजारी चपटी केबल ठेवली की दोघांच्या मधे दोन्ही अंगांना एक खाच राहते, आणि पट्टी त्या खाचेवरून तंबूसारखी जाते. डोकं त्या खाचेवर आणायचं. तिथे टाचणीच्या पुढे केबल नसते, मोकळी जागा असते. आणि कधी कापायची वेळ आलीच तर कटरचं तोंडही तिथेच आत जातं, केबलवर टेकत नाही. तिसरी गोष्ट आवळण्याची. टाय केबलला धरण्यापुरता हवा, चावण्यापुरता नाही. दहा फूट चपट्या केबलचं वजन एक किलोही भरत नाही, आणि ४.८ मिलिमीटर रुंदीचा बरा टाय बावीस किलोपर्यंत ताण सोसतो. तरी माणसं पक्कड लावून टाय ओढतात. केबल चेपते, आणि टायची जीभही पहिल्याच दिवशी ताणून थकते.

जुने टाय परत कुठे वापरायचे यावर माझं आणि सोबतच्यांचं बरंच बोलणं झालं. कोणी म्हणे सगळे वापरा, कोणी म्हणे एकही नको. मी ते हाताने तपासून ठरवतो. सुटलेला टाय आधी स्वच्छ पाण्याने धुतो, कारण दात्यांत बोअरची माती बसली तर जीभ पूर्ण बसत नाही. मग पट्टी बोटाभोवती वळवतो. वळल्या जागी पांढरी रेघ उठली आणि तशीच राहिली तर नायलॉन थकलं आहे, तो टाय बाद. मग तो रिकामाच ओवून दोन्ही हातांनी जोरात मागे ओढतो. एक दाता जरी सरकला तरी बाद. पट्टीवर एखादा दाता चपटा झालेला असेल तर तो जिथे येईल तिथे न थांबता पुढे-मागे बांधतो. या परीक्षेतून उतरलेला टाय बोअरमध्ये एकदा परत जातो, पण दर तिसरा टाय नवाच असतो, आणि केबलच्या जोडाच्या वर-खाली व मोटरच्या लगतचे टाय कधीच जुने नसतात. दोनदा वापरलेला टाय मग स्टार्टरच्या पेटीत, ठिबकच्या नळीला, शेडनेटच्या कडेला; जिथे सुटला तर माणूस बघून परत बांधू शकतो तिथे.

यात उन्हाचा हिशेब फार मोठा आहे. नायलॉन पाणी पितं. ओलाव्याने ते चिवट राहतं आणि कोरडं पडलं की काचेसारखं होतं. बोअरमधून वर आलेला टाय पाणी पिऊन मऊ झालेला असतो. त्याची जीभ वाकते आणि परत येते. त्याच वयाचा, पण तोंडाशी उन्हात राहिलेला टाय टाचणी लावताच जिभेच्या बिजागरीत तुटतो. पांढरे टाय तर घाटावरच्या एक-दोन उन्हाळ्यांतच संपतात. काळे जास्त टिकतात, कारण त्यांत ऊन अडवणारी काजळी मिसळलेली असते. म्हणून वरच्या पहिल्या पाइपाचे टाय मी सोडवायच्या नादी लागत नाही. ते कटरने कापतो, खाचेच्या जागी, आणि डोकं दुसऱ्या हाताने धरून. पाणी पिण्याचा हाच गुण मी नव्या टायसाठीही वापरतो. वैशाखात दुकानातून आणलेलं पाकीट फुटलेलं असेल तर त्यातले टाय बांधतानाच तडकतात. ते आदल्या संध्याकाळी बादलीत टाकून ठेवतो. सकाळी ते वेगळेच टाय असतात.

डोकं धरून कापायचं, हे आधी मला कुणी सांगितलं नव्हतं. कापलेला तुकडा बोअरमध्ये पडला की आम्ही म्हणायचो, प्लास्टिक आहे, तरंगेल. ते तरंगत नाही. नायलॉन पाण्यापेक्षा जरासं जड असतं; ते हळूहळू बुडत खाली जातं. पंपाच्या जाळीत अडकलेले टायचे तुकडे मी स्वतः काढले आहेत. एका जाळीत सात निघाले होते, वेगवेगळ्या वेळी कापलेले, कोणी कापलेले ते कोण सांगणार.

बाजारात सुटणारे टायही मिळतात, डोक्याला बाहेरून छोटा खटका असलेले. मी ते आणून पाहिले. पेटीत, वरच्या वायरींना ते चांगले. बोअरमध्ये मी घालत नाही, कारण तो खटका पाइप सोडताना केसिंगला घासतो आणि दाबला गेला तर टाय खाली अंधारात कधी सुटला ते कळतही नाही. साध्या टायची जीभ आत लपलेली असते, ती अशी चुकून उचलली जात नाही.

काही जण विचारतात, दीड-दोन रुपयांच्या टायसाठी एवढं कशाला? पैशाचाच हिशेब असता तर मीही केलं नसतं. अठ्ठावीस टाय वाचवून पन्नास रुपये होतात. मी टाय वाचवायला टाचणी धरली नाही. ब्लेड केबलच्या जवळ येऊ नये म्हणून धरली. टाय परत वापरता येतो हा त्याचा मागून आलेला फायदा आहे. म्हणून एखादा टाय तीनदा प्रयत्न करूनही सुटला नाही तर मी पोरांना झगडू देत नाही. झगडणाऱ्या हातातली टाचणी घसरते, आणि मग टाचणी आणि ब्लेड यात फरक उरत नाही.

आता बोअरच्या तोंडाशी मी नवीन पोऱ्याला बसवत नाही. तिथे हात बसलेला माणूस लागतो. नवीन पोऱ्या चेन पुलीवर जातो. ज्याला तोंडाशी बसायचं आहे त्याला मी आधी घरी एक लोखंडी पाइपाचा तुकडा आणि जुन्या केबलचा हातभर तुकडा देतो, दहा टाय देतो, आणि सांगतो की हे दहाही आवाज न करता सोडवून दाखव, मग केबल उन्हात धरून बघू. केबलवर ओरखडा दिसला की पुन्हा दहा.

काकांचा तो बोअर मागच्या वैशाखात पुन्हा उघडला. मोटरचं बेअरिंग वाजत होतं. अठ्ठावीस टायपैकी एकवीस टाचणीने सुटले, सात कापावे लागले; त्यातले दोन वरचे, उन्हाने गेलेले. एकवीसपैकी तेरा तपासणीत उतरले आणि पुन्हा त्याच पाइपांना लागले. केबल सगळी फडक्यातून काढली. २०१९ चा जोड आहे तसा आहे, त्या वेळच्या उथळ रेघाही दिसतात. नवी रेघ एकही नाही.